यशोदाबाईचा अंगठा

खरं सांगू का, हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं आणि दोनदा सगळं उडवून टाकलं, कारण हमीदाखालाला कळलं तर ती म्हणेल, तुला दुसरे धंदे नाहीत का. पण काल परत तिच्या दुकानात गेले, परत तेच ऐकलं आणि डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. शुद्धलेखन बघू नका.

हमीदाखाला म्हणजे पिंप्राळ्यातली हमीदा. रिक्षा स्टॉपच्या मागं तिचं डिझाईनचं दुकान. दुकान कसलं, एक शटर, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर जो मनात आलं तरच चालतो, आणि भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. पिंप्राळ्यातल्या निम्म्या लोकांच्या लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दहाव्याच्या जाहिराती हमीदानं केल्यात. नवरा गेल्यावर ती हे शिकली, आणि शिकली ती अशी की आता तिच्या बहिणीची पोरगी खुशनुमा, जिनं रीतसर डिझाईनचा डिप्लोमा केलाय, ती तिच्याच हाताखाली बसते. दोघींचं दिवसातून तीनदा भांडण होतं. चहा एकाच कपातून पितात.

तर या हमीदाची एक मैत्रीण होती. होती म्हणजे आहे, अजून आहे. यशोदाबाई. दोघींच्या घरांमध्ये एक भिंत. यशोदाबाईनं घरातल्या चुलीवर पेढे करायला सुरुवात केली तेव्हा पहिला पेढा हमीदानं खाल्लेला, आणि "साखर जास्त झालीय" असं तोंडावर सांगितलेलं. तिथून मैत्री. पुढं पेढ्यांचं दुकान झालं, बर्फी आली, सणासुदीला जिलबी आली. यशोदाबाई मात्र कायम आत भट्टीपाशी. गल्ल्यावर तिचा मुलगा प्रेमराज. गेल्या वर्षी यशोदाबाईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि प्रेमराजची बहीण ज्योती तिला धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिथं फिजिओवाला घरी येतो म्हणून.

हमीदा धुळ्याला गेली नाही.

म्हणजे जाणारच होती. आधी रमजान होता, मग लग्नसराई आली, मग प्रिंटर बिघडला. दर वेळी काहीतरी. फोन करायची, पण यशोदाबाईला फोनवर नीट बोलता यायचं नाही, मग दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू यायचा आणि हमीदा घाईघाईनं म्हणायची, येते गं, हे काम झालं की येते.

आणि मग प्रेमराज लोगो करायला आला.

"खाला, राखीच्या आधी नवीन बॉक्स छापायचेत," तो म्हणाला. "ते घरपोच देणाऱ्या ॲपवर पण नाव टाकतोय. तिथं छोटा गोल फोटो लागतो. आणि स्टिकर. काहीतरी भारी कर."

"आताच का सुचलं?" हमीदानं विचारलं.

प्रेमराज स्टुलावर बसला. मग म्हणाला, "लोक म्हणतात, आई गेल्यापासून तो पेढा नाही राहिला. खवा तोच, खाला. भट्टी तीच. माणूस तोच ठेवलाय, आईनं शिकवलेला. तरी म्हणतात, हा दुसऱ्याचा पेढा आहे. मला आई दिसली पाहिजे बॉक्सवर. लोकांना वाटलं पाहिजे ती इथंच आहे."

झालं. हे ऐकल्यावर हमीदाला दुसरं काही सुचेच ना. तिला मनातून भीती होतीच, की यशोदा धुळ्याला गेली ती गेलीच, आता दुकानावरून पण पुसली जाणार. बोर्डवर नाव राहील, पण नाव काय, नाव कुणाचंही असतं. तर आता यशोदाला तिथंच ठेवायचं ते आपल्या हातात आहे, असं तिनं धरलं. आणि लागली.

तिनं यशोदाबाईचा चेहरा काढला. ज्योतीच्या लग्नातला फोटो समोर ठेवून, एकेक रेघ. डोक्यावरचा पदर, कपाळावरचं कुंकू, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, नाकातली चमकी. जुन्या नोटांवर असतो ना तसा, बारीक बारीक रेघांचा चेहरा. त्याभोवती गोल, आणि गोलात फिरवून अक्षरं, "श्री यशोदा स्वीट मार्ट, पिंप्राळा, जळगाव, शुद्ध तुपातील मिठाई". कागदभर मोठी प्रिंट काढली तेव्हा खुशनुमासुद्धा गप्प झाली. इतका जिवंत चेहरा. हमीदानं ती प्रिंट भिंतीवर चिकटवली आणि दिवसभर तिच्याकडं बघून एकटीच हसत होती.

खुशनुमानं दुसरा काढला. नुसतं "यशोदा", पण हातानं लिहिल्यासारखं, वरची रेघ वळत वळत जिलबी होते आणि जिलबीतून वाफ निघते. आणि तिसरा प्रेमराजनं स्वतःच आणला, मोबाइलवर, त्याच्या साडूच्या मुलानं कुठल्यातरी ॲपमधून बनवलेला. सोनेरी. चमकणारा. कमळ, कढई, लाडू, मागं सूर्याचे किरण.

"हे लग्नाच्या हॉलचं वाटतंय," खुशनुमा म्हणाली.

"पण श्रीमंत वाटतंय ना?"

"हो, श्रीमंतांच्या लग्नाच्या हॉलचं."

आता भांडण सुरू झालं ते असं. खुशनुमा म्हणाली, खाला, तीनही ड्राफ्ट एकाच रंगात काढू आणि लहान करून बघू. बॉक्सवाला एकाच रंगात छापतो, मरून. त्याच्याकडं सोनेरी नाही नि छटा नाही. छटा दिली तर ठिपके येतात. आणि रबरी शिक्का करायचा, खव्याच्या पिशवीवर मारायला. आणि ॲपवरचा गोल तर नखाएवढा असतो. मोठ्या कागदावर सगळंच छान दिसतं. तिथं काय बघायचं?

हमीदाला हे कळत नव्हतं असं नाही. लग्नपत्रिकेत बारीक अक्षर बुजतं म्हणून तिनं किती गिऱ्हाइकांशी वाद घातलेत. पण स्वतःचं असलं की माणूस आंधळं होतं. "चेहरा आहे तो," ती म्हणाली, "चेहरा कसाही ओळखू येतो."

"बघू या ना मग."

खुशनुमानं एका कागदावर तीनही ड्राफ्ट काळ्या रंगात टाकले. सगळ्यात वर तळहाताएवढे, खाली बॉक्सच्या झाकणावर बसतील एवढे, मग रुपयाच्या नाण्याएवढे, मग नखाएवढे. प्रिंटर नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा चालला.

तळहाताएवढी यशोदाबाई यशोदाबाई होती. झाकणाएवढी झाली तेव्हा सुरकुत्या एकमेकींना चिकटल्या आणि ती एकदम फार म्हातारी दिसायला लागली. नाण्याएवढी झाली तेव्हा नाक आणि चमकी मिळून एक डाग झाला, नि गोलातली अक्षरं म्हणजे नुसता दोरा. नखाएवढी झाली तेव्हा हमीदानं कागद उचलला, चष्मा पुसला, परत बघितला. जळलेल्या भाकरीसारखं दिसत होतं.

"प्रिंटर खराब आहे," ती म्हणाली.

"खाला."

"शाई जास्त सोडतोय. मी सांगते ना."

"खाला, रेघा जाड कराव्या लागतील. आणि निम्म्या काढून टाकाव्या लागतील."

"काढून टाकायच्या? सुरकुत्या काढून टाकायच्या? मग ती यशोदा कशी राहील? कोणीही बाई होईल ना!"

खुशनुमानं तेही करून दाखवलं. रेघा कमी केल्या, जाड केल्या, बाहेरचा मजकूर उडवला. आता लहान केल्यावर स्पष्ट दिसत होतं की ही बाई आहे, डोक्यावर पदर आहे. फक्त ती कोणतीही बाई होती. हमीदा उठून बाहेर जाऊन उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा बघत. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच राग येत होता.

खुशनुमाचा स्वतःचा पण फार चांगला नव्हता बरं का. मोठा होता तेव्हा डौलदार. लहान झाला की जिलबी आणि "य" एकमेकांत गुंतले, समोरच्या झेरॉक्सवाल्यानं वाचलं, "हे काय, घशोदा?" खुशनुमाचं तोंड एवढंसं झालं. आणि सोनेरीचं तर विचारूच नका, काळ्या रंगात कमळाची नि कढईची मिळून एक काळी खिचडी.

"तीनही कचरा," हमीदा म्हणाली. "बरं झालं. निदान भांडण मिटलं."

पण भांडण मिटलं नाही, कारण प्रेमराज म्हणाला, "मला आई पाहिजे. बुजली तर बुजू दे. लोकांना आठवेल तरी ती."

"लोकांना आठवेल का हे बघता येतं," खुशनुमा म्हणाली.

मग त्यांनी ते बघितलं, आणि ते बघणं प्रेमराजच्या दुकानातच झालं, गर्दीच्या वेळी. खुशनुमा गल्ल्याशेजारी उभी. गिऱ्हाईक आलं की एकच ड्राफ्ट, झाकणावर असेल तेवढाच, डोळ्यांसमोर क्षणभर धरायचा आणि लगेच पाठीमागं लपवायचा. मग त्यांना त्यांचं सामान घेऊ द्यायचं, पैसे देऊ द्यायचे, आणि जाताना विचारायचं, मघाशी काय बघितलं? एकाला एकच दाखवायचा, म्हणजे एकामुळं दुसरा आठवत नाही. हमीदा कोपऱ्यात बर्फीच्या काचेला टेकून उभी, हाताची घडी, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखी.

सोनेरीवाल्याला लोक म्हणाले, "काहीतरी देवाचं होतं." जिलबीवाल्याला म्हणाले, "जिलबी," आणि नाव विचारलं तर खांदे उडवले. आणि चेहऱ्याला एका पोरीनं सांगितलं, "ती लोणच्याच्या पाकिटावर असते ना, ती आजी." दुसरी एक बाई म्हणाली, "पापडवाली." तिसरा म्हणाला, "कोणीतरी वारलं का तुमच्यात?"

हे ऐकून प्रेमराज गल्ल्यावरून उठलाच. आणि हमीदानं काचेवर हात आपटला. "वारलं? अहो भाऊ, ती यशोदाबाई आहे! हिच्या हातचे पेढे खाताय तुम्ही इतकी वर्षं!"

त्या वेळी तिथं नथ्थूभाऊ उभे होते. वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, आता पिंप्राळ्यात मुलाकडं राहतात, रोज संध्याकाळी पावशेर पेढे नेतात आणि रोज कुरकुर करतात. ते म्हणाले, "ओ ताई, ओरडता कशाला? त्या बाईचं तोंड आम्ही बघितलंय कधी? ती कायम आत. धुरात. आम्हाला काय ठाऊक तिचं नाक कसं नि डोळा कसा?"

"मग तुम्हाला काय ठाऊक आहे?" हमीदा अजून रागातच.

"अंगठा ठाऊक आहे," नथ्थूभाऊ म्हणाले. "पेढ्यावर तिचा अंगठा असायचा. तिरका. एका बाजूनं खोल. आता बघा." आणि त्यांनी ट्रेमधला पेढा उचलून धरला. त्यावर सुबक फूल होतं. "हे फुलवालं कुठून आणलं, प्रेमराज? हा तुझा पेढाच नाही. म्हणून म्हणतो मी रोज."

प्रेमराजनं यशोदाबाई गेल्यावर प्लास्टिकचा साचा आणला होता. स्वच्छ, एकसारखा, झटपट. त्याच्या मते ती सुधारणा होती. खवा बदललाय म्हणून लोक बोंबलतात असं धरून त्यानं डेअरी बदलून बघितली, परत पहिलीच लावली, आच कमी करून बघितली, आणि ते फूल त्याच्या डोळ्यांसमोर ट्रेभर पसरलेलं होतं.

यशोदाबाईचा उजवा अंगठा लहानपणी जात्याखाली सापडलेला. नख कायमचं दुमडलेलं, बोट थोडं वळलेलं. ती पेढा वळायची आणि एकदाच दाबायची, नि तो खड्डा नेहमी तिरका पडायचा, कडेला एक खाच घेऊन. हमीदानं हे लाखो वेळा बघितलेलं. आणि इतके दिवस चेहऱ्यावर रेघा काढत बसली होती.

ती आपल्या दुकानात परतली ती जवळजवळ पळतच. कॉम्प्युटरसमोर बसली, एक गोल काढला, त्यात तिरका खड्डा, खाली ठसठशीत जाड अक्षरांत "यशोदा". नाण्याएवढं केलं, स्पष्ट. नखाएवढं केलं, तिथं नाव राहत नव्हतं, पण नाव काढून नुसता गोल ठेवला तर तो दिसत होता. हमीदाला वाटलं, झालं!

प्रेमराज आला, बघितलं आणि डोकं खाजवलं. "खाला, राग मानू नको. पण तू माझ्या दुकानावर चाँद काढलास."

हमीदानं बघितलं. खरंच. गोलात तिरकी कोर. चंद्रच.

"ईदचे बॉक्स छापायचे का?" खुशनुमा हसत सुटली. प्रेमराजही हसला, पण हमीदा हसली नाही. तिनं खड्डा जाड केला, तर काजू झाला. खाच दिली, तर कुणीतरी चावलेलं बिस्किट झालं. लांब केला तर पान झालं. दिवस गेला, दुसरा गेला. आठवणीतून काढायला जावं तर हाताला ते येतच नव्हतं. मोबाइलमध्ये शोधलं, प्रेमराजच्या, ज्योतीच्या, दुकानाच्या सगळ्या फोटोंत शोधलं. पेढ्यांचे फोटो होते, पण लांबून, ट्रेचे, वर चांदीचा वर्ख. अंगठ्याचा एकही नाही. कोण काढतं अंगठ्याचा फोटो?

तिनं माऊस आपटला. माऊसची चाकी निघून टेबलाखाली गेली.

"खाला," खुशनुमा हळूच म्हणाली, "यशोदाआक्का आहे ना. धुळ्याला."

हमीदा टेबलाखाली वाकून चाकी शोधत बसली, जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये होती. मांडीवर डबा, डब्यात प्रेमराजनं दिलेले न दाबलेले पेढे, नुसते गोळे. पर्समध्ये घडी घातलेला चेहऱ्याचा ड्राफ्ट, तो का घेतला तिलाच माहीत. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता. इतक्या जवळ होतं धुळे. एवढंसंच होतं. हे तिला बसमध्ये कळलं, आणि तिला स्वतःची इतकी चीड आली की शेजारच्या बाईनं विचारलं, "उलटी होतेय का? लिंबू देऊ?"

ज्योतीनं दार उघडलं. आतल्या खोलीत यशोदाबाई खुर्चीत बसलेली, पायावर चादर. बारीक झालेली. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. बोलणं आता बरंच सुधारलं होतं, हे हमीदाला माहीतच नव्हतं. यशोदाबाईनं तिला बघितलं. हसली नाही.

"कोन शे?"

"मी गं. हमीदा."

"हमीदा? मनी एक मैत्रीण व्हती त्या नावनी. मरी गयी असं वाटनं माले."

ज्योती म्हणाली, "आई!" आणि चहाच्या निमित्तानं आत निघून गेली. हमीदा दारातच. मग खाली बसली, तिच्या पायाशी, आणि घाई करून, कारण काहीतरी बोलायलाच हवं होतं, तिनं तो ड्राफ्ट काढला. "हे बघ. तुझा चेहरा काढलाय. बॉक्सवर टाकायचा म्हणत होता प्रेमराज."

यशोदाबाईनं कागद डाव्या हातात धरला. बराच वेळ बघितलं. "इतलं मोठं शे का मनं नाक?"

"नाही, ते..."

"आनी बॉक्सवर कशाले? लोके पेढा खातस नि डबा फेकी देतस. गटारमा. कुत्रा चाटतस. मनं तोंड तठे नको वं."

हमीदानं डोक्याला हात लावला. हे तिला सुचायला नको होतं? तिच्या स्वतःच्या घरात लग्नपत्रिकेवरचं अल्लाचं नाव कापून वेगळं ठेवतात, पायाखाली येऊ नये म्हणून. आणि ती मैत्रिणीला गटारात पाठवायला निघाली होती, तेही इतक्या मेहनतीनं, सुरकुत्यांसकट.

मग तिनं डबा उघडला आणि सगळं सांगितलं. नथ्थूभाऊ, फुलाचा साचा, चाँद, काजू, बिस्किट. यशोदाबाई ऐकत होती. फुलाचा साचा ऐकून तिनं डोळे मिटले.

"म्हणून तुझा अंगठा पाहिजे होता," हमीदा म्हणाली. "एकदाच दाब."

यशोदाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की हमीदाला खाली बघावं लागलं.

"आते समजनं. तू माले भेटाले नही उनी. मना अंगठा लेवाले उनी." आणि मग, "कागदवर ले ना मंग. घर बी लिखी देस तुना नाववर."

टोमणाच होता, पण हमीदाला तो टोमणा म्हणून घेता आला नाही. कारण खोटं काय होतं त्यात? ती इतके महिने आली नव्हती, आणि आली ती कामाला आली. यशोदाबाईच मग म्हणाली, "आन तो गोळा. कोरडा व्हयी गया तो. ज्योती, दूध आन वं कोमट."

बसमध्ये गोळे खरंच वाळले होते, कडेनं तडे. ज्योतीनं दुधाचा हात लावून परत मळले, परत वळले. पेढा गरम असतानाच दाबावा लागतो, नाहीतर खड्ड्याला भेगा पडतात, हे यशोदाबाईनं दोघींना दोनदा सुनावलं. मग हमीदानं तो उजवा हात उचलला. जड होता. गार. तिनं आपल्या हातात तो अंगठा धरला आणि पेढ्यावर दाबला.

"सरळ नको. वाकडं धर. आज्जून. कोपरा वर कर. दाब ना वं! काय मेणना हात शे का तुना?"

पहिला पेढा चपटा झाला. दुसऱ्याला भेग गेली. तिसऱ्यावर अंगठा निसटला आणि दोघी एकदम "अगं!" म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरतं, तेवढ्यापुरतंच, यशोदाबाई हसली. मग एक पडला. तिरका, एका बाजूनं खोल, कडेला दुमडलेल्या नखाची खाच. चंद्र नव्हता, काजू नव्हता. अंगठा होता. कुणाच्याही डोळ्याला अंगठाच दिसला असता.

हमीदानं तो खिडकीत नेला, उजेड कडेनं पडेल असा ठेवला म्हणजे खड्ड्याची सावली उठून दिसते, आणि बरोबर वरून फोटो काढले. भराभर. बरेच. आणि ते काढता काढता तिच्या लक्षात आलं की आल्यापासून तिनं यशोदाबाईला, कशी आहेस, हे विचारलंच नाही.

"भेटनं का तुले?" खुर्चीतून आवाज आला.

"हो."

"मंग जाय आते. बस चुकी जाई तुनी."

हमीदा थांबली असती. तिला थांबायचं होतं. पण यशोदाबाईनं मान वळवली होती, टीव्हीकडं, आणि टीव्ही बंद होता.

लोगो चांगला झाला. मी बघितलाय, तुम्हीही बघाल. हमीदानं फोटोवरून खड्ड्याची बाहेरची रेघ काढली, आतल्या बारीक भेगा सोडून दिल्या, खाच मात्र ठेवली, जराशी मोठी केली म्हणजे लहान केल्यावर भरून जाणार नाही. खाली जाड अक्षरांत "यशोदा", बाकी "श्री"ला, "मार्ट"ला सुट्टी, ते बॉक्सच्या बाजूला. ॲपच्या गोलात नुसता अंगठा. तळहाताएवढा, झाकणाएवढा, नाण्याएवढा, नखाएवढा, सगळीकडं तोच. रस्त्यापलीकडून प्रेमराजनं बघितला, तिथूनही तोच. दुकानात परत गिऱ्हाइकांना दाखवला, क्षणभर धरून लपवला. लोणचं, पापड, देव कुणीच म्हणालं नाही. एका पोरानं पेनानं काढूनच दाखवला, गोल आणि तिरका खड्डा. नथ्थूभाऊंना दाखवला तर म्हणाले, "हे मला काय विचारता? हे तर मीच सांगितलं."

प्रेमराजनं फुलाचा साचा माळ्यावर टाकला. आता लाकडाचा ठसा करून घेतोय, त्या अंगठ्याचा. त्याला वाटतंय आई परत आली.

आणि हमीदाला काय वाटतंय ते मला काल समजलं. मी तिच्या दुकानात प्रिंट काढायला थांबले होते. स्क्रीनवर तोच गोल, मोठा केलेला. पूर्ण झालेलं काम, तरी तिनं उघडून ठेवलेलं. खुशनुमानं विचारलं, "खाला, धुळ्याला परत कधी?" आणि खालानं, शपथ सांगते, स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "जाते गं. हे बॉक्स एकदा छापून येऊ देत, दाखवायला घेऊनच जाते."

दाखवायला घेऊन! परत काहीतरी हातात घेऊन! मला इतका राग आला की मी प्रिंट न घेताच निघून आले. तिला तोंडावर नाही बोलता आलं, ती मोठी आहे, म्हणून इथं लिहिते आणि तुम्हाला सांगते. तुमचं पण असं कुणीतरी असेल, एका बसच्या अंतरावर, ज्याच्याकडं तुम्ही "हे झालं की" जाणार आहात. काही घेऊन जाऊ नका. काही आणायला जाऊ नका. या आठवड्यात जा आणि आधी विचारा, कशी आहेस. आणि धुळ्याचे असाल तर ज्योतीताईच्या घरी जाऊन यशोदाबाईला भेटा. ती शिव्या घालेल. बसा थोडा वेळ तरी.